तासिकेचं मानधन: दर आठवड्याला टाइमटेबल बदलतं, मग महिन्याचा आकडा कसा धरायचा?

रानजाई (७ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:१२)

मुंबईतल्या एका विनाअनुदानित कॉलेजात मी व्हिजिटिंग म्हणून संख्याशास्त्र शिकवते. दर ७०० रुपये. जूनमध्ये टाइमटेबल दिलं तेव्हा आठवड्याला ६ तासिका होत्या. ऑगस्टमध्ये ते दोनदा बदललं: आधी आठवड्याला ७ झाल्या, मग ८. सरासरी ७ धरली, चार आठवड्यांच्या २८ तासिका, म्हणजे १९,६०० रुपये येतील असं मी गृहीत धरलं होतं. घरभाडं आणि मुलीची फी त्याच भरवशावर ठरवली.

खात्यात १४,००० जमा झाले. ५,६०० कमी. मधे सुट्ट्या होत्या हे मान्य, पण एवढा फरक पडेल का? ऑफिसात विचारलं तर "टाइमटेबलप्रमाणेच काढलंय मॅडम" एवढंच उत्तर मिळालं. उद्या ईदची सुट्टी आहे, मंगळवारी पुन्हा जाणार आहे. जाण्याआधी मला स्वतःचा आकडा पक्का करायचाय. टाइमटेबल असं हलतं असताना तुम्ही महिन्याची बेरीज कशी करता?

---

सोलापुरी_चादर (सकाळी ९:४०)

मी तर आठवड्याच्या तासिका गुणिले ४ एवढंच करतो. दहा वर्षं झाली. दोनचारशे इकडे तिकडे होतात, त्यासाठी ऑफिसशी वाकडं कशाला घ्यायचं? पण ५,६०० म्हणजे फारच झाले. विचाराच ताई.

---

दशांशचिन्ह (सकाळी १०:०५)

गुणिले ४ चूक आहे. वर्षात ५२ आठवडे, महिने १२, म्हणजे महिन्यात ४.३३ आठवडे. ७ गुणिले ४.३३ म्हणजे ३० च्या वर तासिका, २१,००० च्या वर रक्कम. तुमचा तोटा ५,६०० नाही, ७,००० च्या घरात आहे. आमच्या कंपनीत तासावर काम करणाऱ्यांचं महिन्याचं बजेट असंच बांधतात.

---

चाफेकळी (सकाळी १०:१८)

टीडीएस कापला असेल गं. माझाही कापतात. फॉर्म १६ए मागून घे आणि रिटर्न भर, पैसे परत मिळतील. मला गेल्या वर्षी मिळाले.

---

मस्टरकाका (सकाळी ११:३०)

रानजाई, मी कॉलेजच्या कार्यालयात ३१ वर्षं काढली. त्यातली शेवटची बारा वर्षं तासिकावाल्यांची बिलं माझ्याच टेबलावर होत होती. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टीडीएसचं बोलू. व्यावसायिक शुल्क म्हणून कापला तर तो १० टक्के असतो, आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाची रक्कम ५०,००० च्या वर जाणार असेल तरच. १९,६०० मधून १० टक्के गेले तरी हातात १७,६४० येतात. १४,००० येत नाहीत. शिवाय १४,००० ला ७०० ने भागलं की बरोबर २० येतात. म्हणजे कापाकापी झालेली नाही. कुणीतरी २० तासिका मोजल्या आहेत. त्या २० कुठून आल्या हे शोधायचं.

आता गुणिले ४ आणि गुणिले ४.३३. दोन्ही माझ्या मते या कामाला निरुपयोगी. आठवडा मुळात महिन्यात मावत नाही. ऑगस्ट २०२५ शुक्रवारी सुरू झाला आणि रविवारी संपला, म्हणून त्यात शुक्रवार, शनिवार, रविवार पाच पाच आले, बाकीचे वार चार चार. तुमच्या तासिका सोमवारी असल्या तर चार वेळा होणार, शुक्रवारी असल्या तर पाच वेळा. पण पाचांतला एक शुक्रवार १५ ऑगस्ट. म्हणून वार धरून, तारखा धरून मोजायचं. दुसरा रस्ता नाही.

एवढं सांगा: तिन्ही टाइमटेबलं कुठल्या तारखेपासून लागू झाली, प्रत्येकात कुठल्या वारी किती तासिका, कॉलेज कुठल्या दिवशी बंद होतं, आणि कुणाच्या बदली किंवा जादा तासिका घेतल्या का. घेतलेल्यांची सही मस्टरवर आहे का, हेही सांगा.

---

दशांशचिन्ह (सकाळी ११:४२)

काका, ४.३३ निरुपयोगी कसं? वर्षाचा अंदाज तर त्यावरच निघेल ना.

---

मस्टरकाका (दुपारी १२:१०)

वर्षभर पगार चालू असतो त्या नोकरीत निघेल. कॉलेजचं सत्र धरून १५ शिकवायचे आठवडे, दोन सत्रांचे ३०. बाकीचे २२ आठवडे परीक्षा, दिवाळी, उन्हाळा. त्यात तासिकावाल्याला काहीच मिळत नाही. तुम्ही ५२ ला १२ ने भागलंत, त्यात मे महिनासुद्धा पगाराचा धरलात. अंदाज हवाच असेल तर १५ आठवड्यांचा एकूण आकडा काढून तो सत्राच्या महिन्यांवर वाटा. पण त्याने एका महिन्याचं बिल पडताळता येणार नाही.

---

दशांशचिन्ह (दुपारी १२:१५)

पटलं. ३० आठवड्यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तारखा येऊ द्या, शीटचं सूत्र मी बनवून देतो.

---

रानजाई (दुपारी १:५०)

माझ्या डायरीतून उतरवून देते.

पहिलं टाइमटेबल: सोम, बुध, शुक्र, रोज २ तासिका. ते शनिवार ९ ऑगस्टपर्यंत चाललं.
दुसरं सोमवार ११ ऑगस्टपासून: मंगळवारी ३, गुरुवारी २, शनिवारी २.
तिसरं सोमवार १८ ऑगस्टपासून: सोम, मंगळ, गुरू, शुक्र, रोज २.

सुट्ट्या: १५ ऑगस्ट. १६ ला दहीहंडी, कॉलेज बंद होतं. १९ ला पावसामुळे सगळ्या शाळा-कॉलेजांना सुट्टी जाहीर झाली. २७ पासून गणपतीची सुट्टी, ती २ सप्टेंबरपर्यंत. १८ लाही दुपारनंतर सुट्टी दिली होती, पण माझ्या तासिका सकाळी साडेसातच्या, त्या दोन्ही झाल्या. मुलं अर्धीच होती, तरी घेतल्या.

शिवाय शनिवारी २३ ला एका सहकारी मॅडमच्या दोन तासिका मी घेतल्या. एचओडींनीच सांगितलं होतं. मस्टरवर सही आहे.

---

मस्टरकाका (दुपारी २:३५)

छान. डायरी ठेवलीत म्हणून हे शक्य आहे. आता टाइमटेबल बदललं तिथे महिना कापायचा आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा.

१ ते ९ ऑगस्ट: शुक्र १, सोम ४, बुध ६, शुक्र ८. चार दिवस, ८ तासिका.

११ ते १६: मंगळ १२ ला ३, गुरू १४ ला २. शनिवार १६ ला कॉलेज बंद, त्या २ गेल्या. झाल्या ५.

१८ ते २६: सोम १८ ला २, मंगळ १९ गेला, गुरू २१, शुक्र २२, सोम २५, मंगळ २६ प्रत्येकी २. झाल्या १०.

जादा: शनिवार २३ च्या २.

एकूण २५. गुणिले ७००, म्हणजे १७,५००. तुम्ही २८ धरल्या होत्या, त्या ३ जास्त होत्या. ऑफिसने २० धरल्या, त्या ५ कमी आहेत. तुमचं येणं ५,६०० नव्हे, ३,५०० आहे. मंगळवारी ३,५०० च मागा. वाढीव आकडा मागितलात तर समोरचा तुमची एक चूक दाखवेल आणि बाकीचं ऐकणारच नाही.

आता त्या २० बद्दल माझा तर्क. जूनमधलं पहिलं टाइमटेबल घेऊन सगळा ऑगस्ट मोजून बघा. सोमवार ४, ११, १८, २५. बुधवार ६, १३, २०. शुक्रवार १, ८, २२. दहा दिवस, रोज २, झाल्या २०. माझी खात्री आहे की विभागाने बदललेलं टाइमटेबल कार्यालयाला कळवलंच नाही. कारकुनाच्या फायलीत जूनचाच कागद आहे. तो खोटं बोलत नाही, "टाइमटेबलप्रमाणे" म्हणतो ते खरंच आहे. फक्त ते टाइमटेबल शिळं आहे.

---

सोलापुरी_चादर (दुपारी २:५०)

काका, दंडवत! म्हणजे मीही दहा वर्षं अंदाजानेच पैसे घेतोय.

एक विचारतो. त्यांनी शेवटचं टाइमटेबल वापरलं असतं तर काय झालं असतं?

---

मस्टरकाका (दुपारी ३:०५)

तेही मोजलं. सोमवार चार, मंगळवार १९ सोडून तीन, गुरुवार तीन, शुक्रवार १५ सोडून तीन. तेरा दिवस, २६ तासिका. खऱ्या आकड्याहून एकच जास्त. ती चूक कधीच उघडकीला आली नसती. रक्कम खऱ्याच्या जवळ आली म्हणून पद्धत बरोबर होती असं समजू नये. पुढच्या महिन्यात तीच पद्धत सहा तासिकांनी चुकेल.

---

गोदाकाठ (दुपारी ३:४०)

आमची तऱ्हा वेगळी आहे. मी मराठवाड्यात अनुदानित महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे. आमचं बिल महाविद्यालयातून सहसंचालक कार्यालयात जातं आणि पैसे कधी चार महिन्यांनी, कधी सत्र संपल्यावर एकदम येतात. महिन्याचा आकडा कागदावरच असतो.

त्यामुळे नोंदीचं महत्त्व आम्हाला जास्त. जुलैच्या तासिकांवर नोव्हेंबरमध्ये त्रुटी निघाली तर तेव्हाचं टाइमटेबल कुणाला आठवणार? एकदा माझ्या अकरा तासिका अशाच उडाल्या. विद्यार्थी हजेरीपट, माझी दैनंदिनी आणि मस्टर, तिन्हींत तारखा जुळत नव्हत्या. मी हजेरीपटावर तासिका झाल्याचा दिवस लिहिला होता आणि मस्टरवर टाइमटेबलमधला. चूक माझी होती, पण शिकवलं होतं हे खरं होतं. पैसे मिळाले नाहीत. तेव्हापासून तासिका ज्या दिवशी झाली तीच तारीख तिन्ही ठिकाणी लिहितो, मग ती कुणाच्याही बदली असो.

रानजाईताई, तुमच्या २३ तारखेच्या तासिका ज्या मॅडमच्या होत्या, त्यांच्या नावावर त्या बिलात लागलेल्या नाहीत ना, हे बघा. त्या पूर्णवेळ असतील तर प्रश्न नाही. त्याही तासिकेवर असतील तर एकाच तासिकेचे दोन दावे होतील आणि दोघींचेही अडकतील.

---

रानजाई (दुपारी ४:१५)

त्यासुद्धा व्हिजिटिंगच आहेत! हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आजच फोन करते त्यांना.

---

दशांशचिन्ह (दुपारी ४:३०)

हे घ्या. शीटमध्ये 'अ' क्रमांकाच्या स्तंभात म्हणजे A मध्ये तासिका झाल्याची तारीख आणि B मध्ये त्या दिवशी झालेल्या तासिका. पहिलं सूत्र झालेल्या तासिकांची महिन्याची बेरीज देतं. दुसरं पुढचा अंदाज देतं: १८ ते ३१ ऑगस्टमधले सोमवार, सुट्ट्या वगळून, गुणिले २. सुट्ट्यांच्या तारखा H मध्ये लिहा.

```
=SUMIFS(B2:B200,A2:A200,">="&DATE(2025,8,1),A2:A200,"<="&DATE(2025,8,31))
=2*NETWORKDAYS.INTL(DATE(2025,8,18),DATE(2025,8,31),"0111111",H2:H12)
```

त्या सात आकड्यांत पहिला सोमवार, शेवटचा रविवार. ० म्हणजे मोजायचा वार, १ म्हणजे सोडायचा. मंगळवारसाठी "1011111". टाइमटेबल बदललं की जुन्या सूत्रातल्या तारखा बदलू नका, नव्या तारखांची नवी ओळ घाला. नाहीतर काकांनी सांगितलं तसं जुना महिनाही नव्या टाइमटेबलने मोजला जाईल.

---

रानजाई (सायंकाळी ५:२०)

सगळं भरलं. बेरीज २५ यायला हवी ना? शीट २ दाखवतंय. तीनदा तपासलं. B मधले आकडे बरोबर आहेत. काय चुकतंय?

---

दशांशचिन्ह (सायंकाळी ५:२८)

तारखा 12/08/2025 अशा लिहिल्यात का? आणि काही तारखा चौकटीत डावीकडे, काही उजवीकडे चिकटल्यात का?

---

रानजाई (सायंकाळी ५:३१)

हो! पहिल्या काही उजवीकडे, १४ पासून पुढच्या सगळ्या डावीकडे. तुम्हाला कसं कळलं?

---

दशांशचिन्ह (सायंकाळी ५:४५)

कारण उत्तर २ आलं. तुमचं शीट अमेरिकन पद्धतीवर आहे, महिना आधी. म्हणून 1/8 झालं ८ जानेवारी, 4/8 झालं ८ एप्रिल, 6/8 झालं ८ जून, 12/8 झालं ८ डिसेंबर. 14/8 मध्ये चौदावा महिना सापडेना, म्हणून तिथून पुढच्या तारखा त्याने नुसता मजकूर म्हणून ठेवल्या. मजकूर डावीकडे चिकटतो आणि बेरजेत धरला जात नाही. उलटसुलट केली तरी तीच राहते अशी एकच तारीख होती, 8/8. तिच्या २ तासिका तेवढ्या मोजल्या गेल्या.

सेटिंगमध्ये प्रदेश India करा, तारखा पुसून पुन्हा लिहा. नुसती सेटिंग बदलून आधीच्या तारखा सुधारणार नाहीत.

---

रानजाई (सायंकाळी ६:०२)

२५ आले! मनापासून आभार. आणि त्या मॅडमशी बोलले. त्यांनी २३ तारखेच्या तासिका लावलेल्या नाहीत.

---

खडूफळा (रात्री ८:५०)

उशिरा आलोय, पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही. ताई, तुमची तासिका किती मिनिटांची? आणि नेमणूकपत्रात "प्रति तासिका ७००" आहे की "प्रति तास ७००"?

---

रानजाई (रात्री ९:१०)

तासिका ४८ मिनिटांची. साडेसात ते ९:०६ दोन तासिका. पत्र काढून बघितलं. "रु. ७००/- प्रति तास" असं लिहिलंय.

---

खडूफळा (रात्री ९:२५)

मग हे बघा. २५ तासिका गुणिले ४८ मिनिटं, झाली १,२०० मिनिटं. भागिले ६०. झाले बरोबर २० तास. गुणिले ७००, झाले १४,०००.

काकांचा शिळ्या टाइमटेबलचा तर्क छान आहे, पण ऑफिसने तुमच्या सगळ्या २५ तासिका नीट मोजून त्यांचे घड्याळी तास केले असतील तरी आकडा हाच येतो. तसं असेल तर बिल बरोबर आहे आणि तुमचं काहीच येणं नाही.

---

सोलापुरी_चादर (रात्री ९:३२)

बापरे. दोन्हीकडून २०!

---

मस्टरकाका (रात्री १०:०५)

खडूफळा, नजर तेज आहे तुमची. हे मी विचारायला हवं होतं. पूर्णवेळ शिक्षकांचा कार्यभार १६ घड्याळी तासांचा आणि तोच ४८ मिनिटांच्या २० तासिकांचा, हे गणित मी स्वतः शेकडो वेळा केलंय.

पण माझं मत सांगतो. तोंडी व्यवहारात "तास" म्हणजे तासिकाच. मुलंसुद्धा "मॅडमचा तास आहे" म्हणतात, तो ४८ मिनिटांचाच असतो. जूनपासून पैसे कसे आले ते बघा. जुलैत २० तासिकांचे १४,००० दिले असतील तर कॉलेजचा "तास" म्हणजे तासिका हे त्यांनीच मान्य केलंय.

---

खडूफळा (रात्री १०:२०)

काका, आदर ठेवून असहमत आहे. कागदावर तास लिहिला तर लेखापरीक्षक ६० मिनिटंच धरणार. आमच्याकडे तसंच झालं आणि आधीच्या महिन्यांची वसुली लावली. प्रत्येक तासिकेमागे १४० रुपये. ७०० चे ५६० झाले.

---

पाणंद (रात्री १०:४०)

मुळात ७०० घेताच का? यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांना तासिकेला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं ठरवलंय. त्याच्यावर बोट ठेवा.

---

गोदाकाठ (रात्री १०:५५)

ते मार्गदर्शक तत्त्व आहे हो पाणंद. आम्हा अनुदानितांनासुद्धा शासन निर्णयातला दर मिळतो. ताईंचं कॉलेज तर विनाअनुदानित, तिथे नेमणूकपत्रातला दर चालतो. दराची लढाई लढायलाच हवी, पण मंगळवारी खिडकीवर दोन लढाया एकदम नकोत. ऑगस्टचा आकडा आधी.

---

पाणंद (रात्री ११:००)

आकडा बरोबर काढून कमी दर घ्यायचा, यात मला समाधान नाही. असो.

---

मस्टरकाका (८ सप्टेंबर, सकाळी ७:१५)

रात्री विचार करत होतो. कुठला तर्क खरा, हे ओळखायला एकच करा. बिलाची प्रत मागा. बेरीज बघू नका, तारखा बघा. १३ आणि २० ऑगस्ट, हे दोन बुधवार त्यात असतील तर जुनं टाइमटेबल वापरलंय, कारण त्या दिवशी तुमची तासिकाच नव्हती. १२, १४ आणि २३ असतील तर मस्टरवरून मोजलंय आणि तासांत बदललंय.

---

रानजाई (९ सप्टेंबर, दुपारी २:४०)

जाऊन आले. बिलात १३ आणि २० दोन्ही आहेत. १२, १४, २३ नाहीत. काकांचाच तर्क बरोबर निघाला. कारकून दादा चांगले आहेत. त्यांनी फाइल उघडून दाखवली, त्यात जूनचंच टाइमटेबल. नवी दोन त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मी मस्टरच्या पानांचे फोटो आणि तुकडे पाडून केलेला हिशेब दिला. एचओडींनी दोन्ही टाइमटेबलांवर लागू तारीख घालून सही केली. ५ तासिकांचा फरक पुढच्या बिलात घेतो म्हणाले.

जुलैचं बिलही बघितलं. २२ तासिका, १५,४००. म्हणजे तेव्हा तासिकेलाच ७०० दिलेत.

पण एक झालं. लेखापाल सर शेजारीच होते. त्यांनी माझं नेमणूकपत्र मागून घेतलं, "प्रति तास" वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, हे प्राचार्यांना विचारून घेतो." आता भीती वाटते. २५ चे तास केले तर पुन्हा २० च होतील आणि जुलैत मी घेतलेल्या पैशांवरही बोट येईल.

---

खडूफळा (दुपारी ३:०५)

मला हीच शंका होती. वाईट वाटलं.

---

मस्टरकाका (दुपारी ३:५०)

घाबरू नका. त्यांनी पुन्हा विचारण्याआधी तुम्ही एक कागद हातात घ्या: तुमच्या विषयाचं सत्राचं अध्यापन नियोजन. विषय किती क्रेडिटचा आणि किती तुकड्या?

---

रानजाई (दुपारी ४:१०)

४ क्रेडिट, दोन तुकड्या. नियोजनात प्रत्येक तुकडीला ६० तासिका, एकूण १२०.

---

मस्टरकाका (दुपारी ४:४५)

मग ऐका. एक क्रेडिट म्हणजे १५ तास, ४ क्रेडिटचे ६० तास. कॉलेज घड्याळी तास म्हणत असेल तर ते ६० तास ४८ मिनिटांच्या ७५ तासिकांनी भरतात. दोन तुकड्यांच्या १५०. तासिकेला ५६० प्रमाणे १५० तासिकांचे ८४,००० होतात. आणि तासिकेलाच ७०० धरले तर १२० तासिकांचेही ८४,००० होतात.

म्हणजे त्यांनी कुठलीही एकच पद्धत शेवटपर्यंत पाळली तर सत्राची रक्कम सारखीच आहे. तुमच्या नियोजनात १२० लिहिलंय, म्हणजे शिकवण्याच्या बाबतीत कॉलेजने "तास" म्हणजे तासिका असंच धरलंय. शिकवून घेताना १२० आणि पैसे देताना ५६०, असं केलं तर ६७,२०० होतात. तिथे तुमचे १६,८०० जातात. प्राचार्यांना हेच विचारा: नियोजन १२० चं राहणार की १५० चं करणार?

---

खडूफळा (दुपारी ५:०५)

हा मुद्दा मला सुचला नव्हता. आमच्या वसुलीच्या वेळी कुणी नियोजन काढलंच नाही. पण काका, प्राचार्य "बरं, १५० करा" म्हणाले तर? ताईंना तेवढ्याच पैशांत ३० तासिका जास्त घ्याव्या लागतील, आणि दिवाळीपर्यंत तेवढे आठवडे उरलेत कुठे?

---

मस्टरकाका (सायंकाळी ५:३०)

तो धोका आहे. नाही म्हणत नाही. जुलैचं बिल त्यांनी तासिकेप्रमाणे दिलंय, तोच आपला सगळ्यात मोठा आधार.

---

चाफेकळी (सायंकाळी ६:१०)

रानजाई, मीही आज माझं पत्र काढून बघितलं. माझ्यात नुसतं "रु. ६०० मात्र" लिहिलंय. कशाचे ते लिहिलेलंच नाही. टीडीएसचं मी उगाच लिहिलं. उद्या मीही विचारून घेते.

---

रानजाई (रात्री ९:००)

चाफेकळी, लेखी घे गं. मी आज रात्री जूनपासूनचा प्रत्येक दिवस शीटमध्ये भरतेय. आतापर्यंत नेमक्या किती तासिका झाल्या आणि १२० पैकी किती उरल्या, ते घेऊन गुरुवारी प्राचार्यांना भेटते. काय होतं ते इथे लिहीन.